शंभरावर अडकलेली बेंच: वेव्ह लोडिंग की पाच-तीन-एक?

दोन-तीन वर्षं नियमित वजन उचलणाऱ्याची बेंच प्रेस 100 किलोवर येऊन थांबली, आणि दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचा जुना खेळ संपला, की वेव्ह लोडिंग आणि पाच-तीन-एक हे दोनच रस्ते बहुतेकांच्या कानावर येतात. आधी एक गोंधळ दूर करू. पाच-तीन-एकमध्येही वजन तीन आठवडे चढतं आणि चौथ्या आठवड्यात उतरतं, म्हणजे लाट तिथेही आहेच. फक्त ती महिन्याची असते. वेव्ह लोडिंगमध्ये लाटा एकाच दिवसात येतात.

100 किलोवाल्यासाठी वेव्हचा दिवस साधारण असा असतो: 82.5 किलोवर तीन रेप, 87.5 वर दोन, 92.5 वर एक. मग खाली येऊन पुन्हा 85 वर तीन, 90 वर दोन, 95 वर एक. दोन सेटमध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती. गंमत अशी की 92.5 च्या एका रेपनंतर हातात आलेलं 85 पहिल्या लाटेतल्या 82.5 पेक्षाही हलकं वाटतं. जड वजनाने शरीर जागं होतं आणि दुसरी लाट त्यावर स्वार होते. दुसरी लाट स्वच्छ गेली, तर अडीच किलोने वाढवून तिसरी घेता येते.

घोडं अडतं ते या ‘तर’पाशी. तिसरी लाट घ्यायची की नाही, हे ठरवायचं 95 चा रेप संपवून बेंचवर धापा टाकत असताना. अडकलेला माणूस त्या क्षणी स्वतःचा सर्वांत वाईट पंच असतो. बार अर्ध्यात किंचित थांबला होता, कुल्ले बेंचवरून उचलले गेले होते, तरी त्याच्या लेखी रेप ‘स्वच्छ’च असतो. मग तिसऱ्या लाटेत 97.5 छातीवर बसतं आणि त्याची किंमत पुढच्या सत्रात मोजावी लागते: 82.5 चे तीन रेपही जड जातात. शिवाय सगळी गणितं ज्या 100 वर उभी आहेत, ते 100 आज खरं आहे का, हे कळेपर्यंत पाच सेट होऊन गेलेले असतात. माझं मत याच एका कटकटीवर ठरलं. अनुभवी प्रशिक्षक शेजारी उभा असेल, तर हा आक्षेप बराचसा गळून पडतो, हेही मान्य.

पॉवरलिफ्टर जिम वेंडलर यांच्या पाच-तीन-एकमध्ये हा निर्णय महिन्याच्या सुरुवातीलाच झालेला असतो. खऱ्या कमाल वजनाच्या 90 टक्के म्हणजे 90 किलो हा ट्रेनिंग मॅक्स, आणि टक्केवारी मोजायची ती याच 90 ची. आकडा तुटला की नेहमी खालच्या अडीच किलोवर आणायचा. पहिल्या आठवड्याचा शेवटचा सेट 85 टक्के, म्हणजे 76.5, धरा 75. दुसऱ्याचा 90 टक्के, म्हणजे 80. तिसऱ्याचा 95 टक्के, म्हणजे 85. या सेटमध्ये अनुक्रमे किमान पाच, तीन आणि एक रेप हवेतच. त्यापुढे जमतील तेवढे घ्यायचे, पण एक रेप शिल्लक ठेवून. चौथा आठवडा 40, 50, 60 टक्क्यांचा. पुढच्या महिन्यात ट्रेनिंग मॅक्स 92.5.

इथे चूक लपत नाही. ट्रेनिंग मॅक्स प्रामाणिक असेल, तर 85 वर चार-पाच रेप यायलाच हवेत. पाच रेपवरून कमाल वजनाचा अंदाज काढा: 85 गुणिले 5 गुणिले 0.0333, अधिक 85, म्हणजे साधारण 99 किलो. आपल्या 100 च्या जवळच. एक-दोनच रेप आले, तर आकडा फुगवलेला आहे. पुढच्या महिन्यात वाढ नाही, उलट ट्रेनिंग मॅक्स तीन पायऱ्या, म्हणजे साडेसात किलो खाली. दुसऱ्या महिन्यात 87.5 वर पाच आले, तर तोच हिशोब 102 दाखवतो. म्हणजे कमाल वजनाला हात न लावता बेंच सुटल्याचं कळतं.

खोट नाही असं नाही. पहिला महिना इतका हलका वाटतो की लोक पहिल्याच आठवड्यात 75 वर जीव काढून बारा रेप मारतात आणि दुसऱ्या आठवड्याचं 80 मग हट्टाने खेचतात. दुसरी खोट खरी आहे: महिनोन्महिने एका रेपचं जड वजन हातात येत नाही आणि ते कसब गंजतं. पाच-सहा रेपला तगडा, पण एका रेपला कच्चा असा कोणी असेल किंवा स्पर्धा महिन्यावर आली असेल, तर मीही वेव्हच सुचवेन. तीन आठवडे, आठवड्यातून एकदाच, दोन लाटा. तिसरी लाट घ्यायची नाही, हे घरून निघतानाच ठरवायचं.