पाच उपमा, एक कोट: कोणता खर्डा ठेवायचा?

वर्णन लिहिताना एकाच गोष्टीसाठी तीन-चार उपमा सुचतात आणि सगळ्याच आवडतात. मग कात्री कुठे लावायची, हे ठरेनासं होतं. एक उतारा घेऊन त्याचे खर्डे शेजारी-शेजारी ठेवून पाहू. प्रसंग असा: आजोबा गेल्यानंतर बरेच दिवस बंद असलेली त्यांची खोली नात उघडते.

मूळ खर्डा

«तिनं हळूच, अगदी अलगद, घाबरत घाबरत दार ढकललं. आत थडग्यासारखी शांतता होती. बर्फासारखी धूळ साचली होती, जणू काळानं चादरच पांघरली होती. घड्याळ थांबलेल्या हृदयासारखं मुकाट लटकत होतं. खुंटीवरचा आजोबांचा कोट, बाह्या कोपरात अजून वाकलेल्या, थकल्या माणसासारखा खांदे पाडून उभा होता.»

थडगं, बर्फ, चादर, हृदय, थकलेला माणूस. एकेक उपमा वाईट नाही, पण प्रत्येक उपमान वाचकाला खोलीतून उचलून दुसरीकडे नेतं. धुळीवर तर उपमा आणि उत्प्रेक्षा दोन्ही लादल्या आहेत. त्यामुळे धूळ बर्फासारखी की चादरीसारखी, हे ठरवण्यात वाचक अडकतो आणि धूळ दिसायची राहून जाते.

क्रियाविशेषणांचं दुखणं वेगळं. «ढकललं» हे क्रियापदच जोराचं आहे. त्याला शांत करायला तीन शब्द लागले. «लोटलं» म्हटलं की तिघांचं काम झालं. «मुकाट»ही नको, बंद घड्याळ टिकटिकत नाहीच.

खर्डा एक: घड्याळ ठेवून

«तिनं दार लोटलं. सगळीकडे धूळ. भिंतीवर घड्याळ थांबलेल्या हृदयासारखं लटकत होतं.»

पहिल्या वाचनात हाच खर्डा निवडावासा वाटतो, कारण वाक्य ठसठशीत आहे. पण ही उपमा दुसऱ्या कुठल्याही मृत माणसाच्या खोलीत उचलून ठेवा, तिथेही बसते. या आजोबांचं तिच्यात काही नाही. शिवाय घड्याळ थांबलंय यातच मरण आलं होतं. हृदयानं तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

खर्डा दोन: कोट, पण उपमेसह

«तिनं दार लोटलं. सगळीकडे धूळ. खुंटीवर आजोबांचा कोट थकल्या माणसासारखा खांदे पाडून उभा होता.»

हा बराच जवळ येतो. कोट आजोबांचाच आहे आणि नजर एका जागी थांबते. अडचण «थकल्या माणसासारखा» इथे आहे: वाचकाला आजोबा दिसायला हवेत तिथे कुणीतरी एक माणूस येऊन उभा राहतो.

खर्डा तीन: फक्त बाह्या

«तिनं दार लोटलं. सगळीकडे धूळ. खुंटीला आजोबांचा कोट. बाह्या कोपरात अजून वाकलेल्या.»

मी हा ठेवेन. यात एकही उपमा उरली नाही, तरी सगळ्यात ठळक प्रतिमा हीच. रोज टेबलावर कोपरं टेकून बसणाऱ्या माणसाच्या कोटाच्या बाह्या अशाच राहतात. त्या वाकातून आजोबांचं बसणं दिसतं. मूळ खर्ड्यातही हे शब्द होते, पण पुढच्या «थकल्या माणसासारखा»नं ते झाकून टाकले होते. असं पुष्कळदा होतं: उपमेच्या आधी आपण जे प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, तेच जास्त बळकट असतं.

आणि «अजून» बघा. तेही क्रियाविशेषणच. सरसकट छाटणी केली तर तेही जाईल, आणि «बाह्या कोपरात वाकलेल्या» एवढंच उरेल, म्हणजे कापडाची नोंद. माणूस गेला पण वाक राहिला, हे सगळं त्या एका शब्दावर उभं आहे. म्हणून क्रियाविशेषण काढून वाक्य मोठ्यानं वाचावं. अर्थ तसाच राहिला तर जाऊ द्यावं. काही हरवलं तर परत आणावं.

मग दुसरा खर्डा कधी घ्यावा? नात लहान असेल, संध्याकाळचा अंधार असेल आणि तिला क्षणभर खरोखर कुणी उभं असल्यासारखं वाटलं असेल, तर. तेव्हा ती उपमा लेखकाची सजावट राहत नाही, मुलीच्या डोळ्यांना झालेला भास होते. फक्त «थकल्या» तिथेही काढावं. घाबरलेल्या मुलीला थकवा दिसत नाही, माणूस दिसतो.

छाटताना मराठीत एक गोष्ट हमखास बिघडते. उपमा गेल्या की वाक्यं आखूड होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी होतं, होती, होता येऊन बसतं: «धूळ होती. घड्याळ बंद होतं. कोट होता.» उतारा पंचनाम्यासारखा वाचला जातो. तिसऱ्या खर्ड्यात म्हणूनच «सगळीकडे धूळ» आणि «खुंटीला आजोबांचा कोट» ही वाक्यं क्रियापदाशिवाय सोडली. घड्याळही गेलं, कारण ते राहिलं असतं तर बाह्यांपर्यंत पोचण्याआधीच नजर एकदा थबकली असती.