शीशमचा क्वीन पलंग, अकरा महिन्यांनंतर: बोल्ट घट्ट होते, तरी पलंग करकरत होता

गेल्या ऑगस्टमध्ये हा पलंग ऑनलाइन मागवला. शीशमचं लाकूड, ७८ बाय ६० इंच, खाली कप्पे नाहीत. खोक्यांतून सुटा येतो आणि कंपनीचा माणूस घरी येऊन जोडून देतो. पहिले चार महिने काहीच तक्रार नव्हती. डिसेंबरच्या शेवटी कूस बदलली की बारीकसा आवाज यायला लागला आणि फेब्रुवारीपर्यंत तो एवढा वाढला की बाळाला दूध पाजून मी आडवी झाले की त्या करकरीनेच ते पुन्हा जागं व्हायचं. रात्री तीन वाजता श्वास रोखून पलंगावर बसणं काय असतं, हे ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आधी आम्ही जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला नाही, ते सांगते. नवऱ्याने सांध्यांमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं. दोन रात्री शांत गेल्या, तिसऱ्या रात्री आवाज परत आला आणि लाकडावर काळपट डाग राहिला तो राहिलाच. लाकडाच्या सांध्यात तेल सोडू नये: लाकूड ते पिऊन टाकतं आणि उरलेल्यावर धूळ चिकटते. मग सुतार बोलावला. त्याने गादीखालचं प्लायवूड आडव्या पट्ट्यांना खिळे मारून पक्कं केलं. पंधरा दिवसांत खिळेच आवाज करायला लागले. खिळा गुळगुळीत असतो, वजन पडलं की प्लाय त्याच्यावर जरासं खालीवर होतं आणि चरचरतं. ते सगळे खिळे नंतर आम्ही उपटून काढले.

मार्चमध्ये एका रविवारी ठरवलं की आधी आवाज शोधायचा, मगच हात लावायचा. गादी खाली काढून तिच्यावर लोळून पाहिलं, आवाज नाही. म्हणजे गादी सुटली. मग प्लायही उचललं आणि नुसत्या सांगाड्याला उशाकडून हलवलं. स्पष्ट ‘टक’ आला. मला तो उशाकडच्या उजव्या कोपऱ्यातून येतोय असं वाटत होतं, नवऱ्याला डावीकडून. पलंगात कानावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, कारण लांब पट्टीतून आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचतो. त्याने पलंग हलवत राहायचं आणि मी प्रत्येक सांध्यावर बोटांची टोकं अशी ठेवायची की अर्धं बोट पायावर आणि अर्धं बाजूच्या पट्टीवर. ज्या सांध्यात दोन लाकडं एकमेकांवर सरकतात तिथे बोटाला चक्क धक्का जाणवतो. तो जाणवला पायथ्याच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे दोघांच्याही अंदाजापासून लांब.

तिथले दोन्ही बोल्ट सहा मिलिमीटरच्या ॲलन कीने आवळून पाहिले. पाव फेरा फिरले आणि दगडासारखे थांबले. कोणीही म्हणेल, बोल्ट घट्ट आहेत. पण सांध्याच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड घातलं तर ते आरामात आत गेलं. बोल्ट घट्ट आणि सांधा सैल, हे कसं?

बोल्ट बाहेर काढल्यावर उलगडा झाला. या पलंगात आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट पायातून आरपार जातो आणि बाजूच्या पट्टीत आडव्या बसवलेल्या गोल नटात फिरतो. पाय साधारण सात सेंटिमीटर जाड. पलंग जोडला भर पावसाळ्यात, तेव्हा लाकडाने हवेतला ओलावा घेतलेला होता. हिवाळ्यात आणि मग मार्चच्या उन्हात ते सुकलं. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, पण आडवं आकसतं आणि बोल्ट नेमका पायाच्या आडव्या बाजूने जातो. एवढ्या जाडीत अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी होणं सहज शक्य आहे. त्यात बोल्टच्या डोक्याखाली दिलेला वॉशर इतका लहान की डोकं लाकडात रुतत गेलं होतं. बोल्ट आत-आत सरकला आणि नट ओलांडून त्याचं टोक पट्टीतल्या भोकाच्या तळाला टेकलं. पुढे जायला जागाच नाही, मग कितीही जोर लावा, तो सांध्याला खेचणार नाही, फक्त भोकाचा तळ दाबत राहील.

उपाय दहा रुपयांचा निघाला. हार्डवेअरच्या दुकानातून रुंद वॉशर आणले, मूळ वॉशरच्या दुप्पट व्यासाचे, आणि प्रत्येक बोल्टला लहान वॉशर आणि लाकूड यांच्यामध्ये एकेक घातला. रुंद वॉशर लाकडात रुतत नाही आणि त्याच्या दीडेक मिलिमीटर जाडीमुळे बोल्टचं टोक तळापासून सुटतं. कोपऱ्यातला वरचा आणि खालचा बोल्ट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळायचा, नाहीतर सांधा एका बाजूला उघडा राहतो. या वेळी कार्ड आत गेलं नाही. आठही बोल्टांना तेच केलं. जोर मात्र बेताचाच लावा, लाकूड करकचून दाबलं तर पावसाळ्यात फुगताना ते वॉशरखाली चेपतं आणि पुढच्या हिवाळ्यात सांधा आणखी सैल होतो.

‘टक’ गेला, पण मधली करकर राहिली. ती वजन पडल्यावरच यायची. पलंगाच्या मधोमध लांब पट्टी आहे आणि तिला आधाराचे दोन पाय. मी वर बसले आणि नवऱ्याने पायांखाली कागद सरकवला: एकाखाली अडकला, दुसऱ्याखालून अलगद निघून आला. म्हणजे तो पाय अधांतरी होता. वजन पडलं की मधली पट्टी वाकायची आणि तिच्यावरच्या प्लायच्या दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींवर घासायच्या. पायाखाली प्लायचा तुकडा आणि त्याखाली रबर अशी पाचर बसवली. प्लायच्या मधल्या कडा सॅंडपेपरने थोड्या घासून तिथे बोटाच्या नखाच्या जाडीएवढी फट ठेवली आणि जिथे प्लाय पट्ट्यांवर टेकतं तिथे साधी पांढरी मेणबत्ती चोळली. खिळ्यांच्या जागी स्क्रू लावले. त्या रात्रीपासून करकर नाही.

पलंगाबद्दल मत विचाराल तर लाकूड खरोखर चांगलं आहे, अकरा महिन्यांत कुठे तडा नाही, पॉलिशही टिकलं आहे. चूक आहे ती लहान वॉशरची आणि मधला पाय जमिनीला टेकतोय का हे न पाहता जोडून जाण्याची. पन्नास पैशांच्या वस्तूसाठी आमच्या तीन महिन्यांच्या झोपा गेल्या, याचा राग अजून आहे. कंपनीला फोटोसकट कळवलं, त्यांनी पुन्हा बोल्ट आवळायला माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. आवळून काय झालं असतं ते वर लिहिलंच आहे. पाचपैकी साडेतीन.

नवीन घेणार असाल तर जोडणारा माणूस घरात असतानाच कार्ड आणि कागद दोन्ही फिरवून पाहा. मी आता प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडापर्यंत पेन्सिलची एक रेघ ओढून ठेवली आहे. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. काल पाहिलं, सात रेघा जागेवर आहेत. पायथ्याच्या डाव्या कोपऱ्यातली एक किंचित सरकली आहे. आवाज अजून नाही, पण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पहिली किल्ली तिथेच लावणार.