रंगपंचमीपूर्वी खोबरेल तेल की पेट्रोलियम जेली?

आमच्या रंगपंचमी संचात खोबरेल तेल आणि पेट्रोलियम जेली दोन्ही आहेत, पण त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. तेल केसांच्या आत मुरते आणि पाण्याने केस फुगणे कमी करते, म्हणून ते आदल्या रात्री मुळांपासून टोकांपर्यंत लावावे. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र ते टाळलेले बरे. जेली त्वचेत न मुरता वरच थर धरते, त्यामुळे नखांच्या कडा, ओठ आणि कानामागे तीच सरस ठरते. केसांना चुकून लागली तर दोनदा शाम्पू करूनही चिकटपणा राहतो.

नंतर कोरडा रंग आधी झटकावा, उरलेला तेलाच्या बोळ्याने टिपावा आणि मगच सौम्य क्लेन्झर व कोमट पाणी वापरावे. घासून त्वचा चुरचुरू लागली, तर तिथेच थांबावे.