हॉलंडमधलं पार्किंग ॲप : काही महिन्यांच्या वापरानंतर

द हेगला आल्यापासून रस्त्यावर गाडी लावायची तर मी ॲपच वापरते. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण इथली बहुतेक ॲप आतून सारखीच चालतात आणि पाटीवरचा झोन कोडही सगळ्यांना एकच असतो. फरक असतो तो मुख्यतः कंपनीच्या स्वतःच्या शुल्कात. काही दर वेळी थोडे सेंट लावतात, काही महिन्याची वर्गणी घेतात. आठवड्यातून एखाद्या वेळी गाडी लावणाऱ्याने वर्गणीच्या फंदात पडू नये. पार्किंगचे पैसे पालिकेचे असतात, ते कुठूनही भरले तरी तेवढेच.

ॲपमध्ये आपण फक्त दोन गोष्टी सांगतो : कुठली गाडी आणि कुठला झोन. पुढे सगळं या दोन नोंदींवर चालतं. काचेवर चिठ्ठी लावायची पद्धत जवळपास गेलीच आहे. छतावर कॅमेरे लावलेली पालिकेची स्कॅनऑटो रस्त्यातून फिरते, उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचते आणि त्या नंबरावर त्या भागात पैसे भरलेत का, हे नोंदवहीत बघते. त्यामुळे ‘सत्र सुरू झालं’ असा हिरवा संदेश आला म्हणजे गाडी सुरक्षित, असं होत नाही. संदेशाचा अर्थ एवढाच, की अमुक नंबरासाठी अमुक झोनमध्ये पैसे मोजायला सुरुवात झाली. समोर उभी असलेली गाडी तीच आहे का, हे ॲपला कळायचा मार्ग नाही.

नंबर टाकताना मधल्या रेघा दिल्या नाहीत तरी चालतं. साध्या मोटारींच्या नव्या डच प्लेटवर स्वर नसतात, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्य, ओ नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. जर्मनीहून किंवा बेल्जियमहून गाडी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना मात्र हा नियम लागू नाही. शिवाय काही ॲपमध्ये प्लेटचा देशही निवडावा लागतो. तो डच ठेवून पुढे गेलं तर नंबर बरोबर असूनही नोंद चुकीच्या देशाची होते. भाड्याच्या गाडीचा नंबर मी करारावरून टाकत नाही, गाडीच्या मागे उभी राहून टाकते. आयत्या वेळी गाडी बदलून दिलेली असू शकते.

खरी अडचण होते ती एका खात्यात दोन गाड्या असल्या की. ॲप बहुधा शेवटची वापरलेली गाडी निवडून ठेवतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं असंच झालं. बायको छोटी गाडी घेऊन बाजारात गेली. ॲपमध्ये आदल्या दिवशी नवऱ्याने वापरलेली मोठी गाडी निवडलेली होती. तिने झोन टाकला, सुरू केलं, खरेदी करून परत आल्यावर बंदही केलं. पैसे भरले गेले ते घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचे. गाडीवर काही चिकटवलेलं नव्हतं, म्हणून काही दिवस पत्ताच नाही. मग टपालाने नाहेफिंग आलं. हा दंड नसून थकलेल्या करासारखा प्रकार आहे : एका तासाचं पार्किंग आणि वसुलीचा खर्च. हा खर्चच तासाच्या दराच्या कित्येक पट असतो. गाडी लीजची असेल तर कागद आधी लीज कंपनीकडे जातो आणि तिचा हाताळणी खर्च वर चढतो. त्या जोडप्याने सहा आठवड्यांच्या मुदतीत पालिकेकडे हरकत नोंदवली, ॲपमधली त्या दिवसाची पावती जोडली आणि दोन्ही गाड्या एकाच घरातल्या असल्याचं दाखवलं. पालिकेने ऐकलं. पण ही मेहेरबानी आहे, हक्क नव्हे. एखादं अक्षर चुकलं असेल तर समजून घेतात, अख्खी दुसरीच गाडी असेल तर प्रत्येक ठिकाणी घेतीलच असं नाही. त्या दिवसापासून त्यांनी ॲपमध्ये गाड्यांना ‘लाल’ आणि ‘मोठी’ अशी नावं दिली. मीही तेच केलं.

आता झोन. ॲप जीपीएसवरून जवळचा झोन सुचवतं. सहसा तो बरोबरच असतो. पण उंच इमारतींच्या गल्लीत ठिपका पलीकडच्या रस्त्यावर सरकतो आणि झोनची हद्द कधी कधी रस्त्याच्या मधोमध जाते. दुकानांच्या रस्त्यावर थोड्या वेळाच्या पार्किंगचा वेगळा कोड असू शकतो, जिथे ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबताच येत नाही. म्हणून मी सुचवलेला कोड पाटीवरच्या किंवा मशीनवरच्या कोडशी ताडून बघते. मशीनवर त्या यंत्राचा स्वतःचाही एक क्रमांक असतो, तो झोन कोड नव्हे. एक चांगली गोष्ट म्हणजे त्याच झोनमध्ये गाडी दुसऱ्या रस्त्यावर नेली तर नवं सत्र लागत नाही. झोन बदलला की मात्र जुनं बंद करून नवं सुरू करावंच लागतं.

ॲपला न दिसणारं आणखी बरंच असतं. एखादी जागा फक्त परवानाधारक रहिवाशांसाठी असेल तरी त्या झोनमध्ये सत्र खुशाल सुरू होतं. तिथे कराऐवजी सरळ वाहतुकीचा दंड बसतो आणि तुमची पावती दाखवून उपयोग नाही. निळ्या रेषांच्या भागात ॲपचं कामच नाही, तिथे काचेमागे पुठ्ठ्याची निळी तबकडी लावायची.

बंद करणं हा भाग मला ॲपचा सगळ्यात कच्चा भाग वाटतो. नाण्यांच्या मशीनमध्ये आपण आधी वेळ विकत घ्यायचो, विसरलं तरी तेवढीच रक्कम जायची. इथे आपण थांबवेपर्यंत मीटर चालू. समजा तासाला ५ युरो दर आहे. दुपारी २.१० ला सुरू करून ३.३५ ला बंद केलं तर ७ युरो ८ सेंट. बंद करायचं राहिलं आणि पैसे लागण्याची वेळ रात्री ९ ला संपत असेल तर तेच ३४ युरो १७ सेंट. गाडी तोवर केव्हाच घरी! काही ॲप रात्री सत्र आपोआप संपवतात, काही ते दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजायला घेतात. आपलं कुठल्या जातीचं, हे पहिल्याच आठवड्यात सेटिंगमध्ये बघावं. सुरू करतानाच संपण्याची वेळ टाकता येत असेल तर मी ती जरा पुढची टाकते आणि लवकर आले तर आधी थांबवते. आठवणीची सूचना फोनवर फुकट येते, एसएमएसला बहुधा पैसे पडतात.

‘स्टॉप’ दाबलं की फोन खिशात टाकायची घाई करू नये. नेट कमकुवत असेल तर चक्र फिरत राहतं आणि पडदा विझला की आपल्याला वाटतं झालं. इतिहासाच्या यादीत त्या सत्रापुढे संपल्याची वेळ आणि रक्कम दिसली, तरच ते बंद. फोनची बॅटरीच गेली तर संगणकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून थांबवता येतं, निदान माझ्या ॲपचं तरी येतं. त्यामुळे पासवर्ड फक्त फोनमध्ये साठवून ठेवू नये.

ॲम्स्टलवेनला किंवा आणखी कुठे मराठी मंडळींकडे जेवायला जाणार असाल, तर निघायच्या आधी त्यांना विचारा, की तुमच्याकडे पाहुण्यांचे पार्किंग तास आहेत का. बऱ्याच पालिका रहिवाशांना ते स्वस्तात देतात. यजमान आपल्या खात्यातून तुमचा नंबर टाकून सत्र सुरू करतात, मग तुमच्या ॲपला हात लावायचा नाही, नाहीतर एकाच गाडीचे दोनदा पैसे जातील. फक्त निघताना ‘ताई, माझं पार्किंग बंद करा हं’ एवढं सांगायला विसरू नका, कारण ते मीटर त्यांच्या तासांतून चालू असतं.