पीईटी-२८ए आणि निकेल कॉलम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मातीतल्या एका जिवाणूचं ३० किलोडाल्टनचं एन्झाइम मला ई. कोलायकडून बनवून घ्यायचं होतं. एन्झाइमचं जनुक वाहून नेणारं पीईटी-२८ए प्लाझ्मिड, ई. कोलायच्या बीएल२१(डीई३) पेशी आणि प्रोटीनला जोडलेला हिस्टिडीन टॅग पकडणारं निकेल रेझिन, हा नेहमीचा संच घेतला.

पहिल्यांदा ३७ अंशांवर कल्चरचा गढूळपणा, म्हणजे ओडी, ०.६ झाल्यावर प्रोटीन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी १ मिलिमोलर घातलं आणि चार तास वाढवलं. जेलवर एवढा जाड पट्टा आला की आनंदाने फोटो काढला. पण कॉलममधून जवळपास काहीच उतरलं नाही. दोन महिने मी रेझिनलाच दोष देत होते. बफर बदलले, टॅगला निकेलवरून सोडवणारं इमिडाझोल कमी-जास्त केलं.

शेवटी लॅबमधल्या ताईंनी विचारलं, "पेलेट बघितलास का?" सोनिकेशनने पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेल्या नळीच्या तळाशी खडूसारखा पांढरा, घट्ट थर होता. वरचं द्रव म्हणजे सुपरनेटंट आणि तळाचा पेलेट जेलवर शेजारी-शेजारी चालवले, तर सगळा पट्टा पेलेटमध्ये. म्हणजे इन्क्लुजन बॉडीज. आयपीटीजीने टी७ पॉलिमरेज सुरू झालं की प्रोटीन इतक्या वेगाने बनतं की घडी बसायला उसंतच मिळत नाही. मग अर्धवट घडीच्या साखळ्यांचे पाण्याला टाळणारे भाग एकमेकांना चिकटून गोळा होतात. मी जो पट्टा बघून खूश झाले होते, तो पेलेट आणि सुपरनेटंट वेगळे न करता चालवलेल्या अख्ख्या पेशींचा होता. त्यातलं किती विरघळलेलं आहे, हे त्यावरून कळतच नाही.

मग ८ मोलर युरियात पेलेट विरघळवला. टॅगला घडीची गरज नसल्याने प्रोटीन कॉलमला छान चिकटलं आणि शुद्धही मिळालं. पण युरिया काढायला डायलिसिसला ठेवलं, तर सकाळी पिशवीत पांढरा गाळ. वर जे विरघळलेलं उरलं, त्यात एन्झाइमचं काम शून्य.

फरक पडला तो तापमानाने. ओडी ०.६ ला फ्लास्क बर्फाच्या पाण्यात २० मिनिटं थंड केला, ०.२ मिलिमोलर आयपीटीजी घातलं आणि रात्रभर १८ अंशांवर ठेवलं. इथे नागपूरकरांना अडचण कळेल: आमच्या शेकरला फक्त हीटर आहे, कूलिंग नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी लावलेल्या खोलीतही तो २८ च्या खाली गेला नाही आणि ती बॅच पुन्हा पेलेटमध्येच गेली. शेजारच्या विभागातला कूलिंगवाला शेकर रात्रीपुरता मागून घेतला, तेव्हा साधारण निम्मा पट्टा सुपरनेटंटमध्ये आला. २० मिलिमोलर इमिडाझोलने धुऊन २५० ने उतरवल्यावर एका लिटर कल्चरमधून ६ मिलिग्रॅम मिळालं, आणि या वेळी एन्झाइमने काम केलं.

संच मी वापरतच राहीन. डायसल्फाइड बंध लागणाऱ्या प्रोटीनसाठी मात्र या पेशी घेणार नाही, कारण त्यांच्या आतल्या वातावरणात ते बंध नीट जुळत नाहीत. तिथे नुसतं तापमान उतरवून भागत नाही. आता कोणतंही नवीन प्रोटीन आलं की आधी १० मिलिलिटरवर ३७ आणि १८ अंश दोन्ही करून बघते, पेलेट आणि सुपरनेटंट वेगळे चालवते, आणि मगच कॉलमला हात लावते.