रोखीने घ्यावे की कर्जाने: भाड्यासाठीच्या सदनिकेचा ढोबळ परतावा, निव्वळ परतावा आणि गृहकर्जाचे व्याज

भाड्याने देण्यासाठी घर घेताना बहुतेक जण भाड्याच्या रकमेची तुलना कर्जाच्या हप्त्याशी करतात आणि उरलेला फरक आपण पगारातून भरू शकू की नाही, एवढेच पाहून निर्णय घेतात. ही तुलना अपुरी आहे. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात, तर हाती आलेल्या भाड्यातून मालकाचे अनेक खर्च अजून वजा व्हायचे असतात. खरी तुलना दोन टक्केवारींची आहे: सर्व खर्च वजा केल्यावर घरावर मिळणारा निव्वळ परतावा आणि त्याच घरासाठी घेतलेल्या कर्जाचा व्याजदर. त्यासाठी पुणे महापालिका हद्दीतील एक दोन बेडरूमची जुनी सदनिका घेऊ आणि तीच सदनिका एकाने पूर्ण स्वतःच्या पैशाने आणि दुसऱ्याने गृहकर्ज काढून घेतली, तर दोघांच्या हाती काय पडते ते पाहू. उदाहरणातील किंमत आणि भाडे हिशेबासाठी धरलेले आहे. वाचकाने तेथे आपले आकडे घालावेत.

सदनिकेचा करार 80 लाखांचा आणि भाडे महिना 24,000 रुपये आहे. वर्षाचे भाडे 2,88,000 रुपये होते. त्याला 80 लाखांनी भागले की 3.6 टक्के येतात. हा ढोबळ परतावा. विक्रेता आणि दलाल हाच आकडा सांगतात. दोन सदनिकांची झटपट तुलना करण्यापुरता तो उपयोगी आहे, कारण एकाच परिसरात एकीचा 3.6 आणि दुसरीचा 2.8 टक्के असेल, तर दुसरीची किंमत भाड्याच्या मानाने चढी आहे हे लगेच कळते. मात्र कर्जाच्या व्याजासमोर तो ठेवू नये, कारण त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत: वरचे भाडे पूर्ण हाती येत नाही आणि खालची किंमत म्हणजे घातलेला पूर्ण पैसा नव्हे.

आधी खालचा भाग घेऊ. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार धरून, 7 टक्के पडते. खरेदीदार महिला असेल तर निवासी घरासाठी त्यात एक टक्क्याची सवलत आहे. आपल्या उदाहरणात हे शुल्क 5,60,000 रुपये होते. नोंदणी फी 30,000 आणि दलाली एक टक्का म्हणजे 80,000 रुपये. पंखे, गीझर, स्वयंपाकघरातील ट्रॉली, कपाटे आणि रंग यांसाठी 2,30,000 रुपये धरू, कारण रिकाम्या भिंतींच्या घराला 24,000 रुपये भाडे मिळत नाही. एकूण गुंतवणूक 89 लाखांवर गेली. बांधकाम चालू असलेले घर घेतल्यास वस्तू व सेवा कर वेगळा लागतो, आणि ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य असते.

वरच्या भागात अधिक काळजी लागते, कारण यातले बरेच खर्च वर्षाआड येतात आणि म्हणून विसरले जातात. सोसायटीची देखभाल वर्गणी महिना 3,000 म्हणजे वर्षाला 36,000 रुपये, आणि ती सहसा मालकच भरतो. घर भाड्याने दिले की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. महाराष्ट्रात ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून येथे 3,000 रुपये पुरेसे आहेत. त्याहून मोठे बिल आले, तर मालकाने ते तपासून घ्यावे. मिळकत कर 16,000 रुपये धरला आहे. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे: पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला करात 40 टक्के सवलत देते आणि घर भाड्याने दिले की ती राहत नाही, त्यामुळे विक्रेता तेथे राहत असेल, तर त्याची जुनी पावती पाहून अंदाज बांधू नये.

घर वर्षात सरासरी एक महिना रिकामे राहील असे धरल्यास 24,000 रुपये जातात. लिव्ह अँड लायसन्सचा करार प्रायः 11 महिन्यांचा असतो. भाडेकरू दोन वर्षांनी बदलला तरी दलालाला एक महिन्याचे भाडे, म्हणजे वर्षाला सरासरी 12,000 रुपये द्यावे लागतात. कराराच्या नोंदणीतील मालकाचा वाटा 2,000 आणि दुरुस्ती, नळ, रंग यांसाठी 15,000 रुपये. ही सगळी बेरीज 1,08,000 रुपये होते. उरतात 1,80,000 रुपये, आणि 89 लाखांवर त्याचे प्रमाण 2.02 टक्के पडते. 3.6 टक्क्यांचे हे 2 टक्के कोणत्याही दुर्घटनेशिवाय झाले आहेत. भाडेकरूने भाडे थकवले नाही, गळती निघाली नाही, लिफ्ट बदलण्यासाठी सोसायटीने वेगळी वर्गणी काढली नाही, असे सर्व गृहीत धरूनच हा आकडा आला आहे.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 75 लाखांहून अधिक रकमेच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, 30 ते 75 लाखांच्या कर्जात ही मर्यादा 80 टक्के आहे, आणि या किमतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च सहसा धरला जात नाही. आपला कर्जदार 60 लाख घेतो, म्हणजे त्याला स्वतःचे 29 लाख घालावे लागतात. व्याज 8.5 टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली, तर हप्ता सुमारे 52,070 रुपये बसतो. पहिल्या वर्षी भरलेल्या 6,25,000 रुपयांपैकी सुमारे 5,05,000 व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते केवळ 1,19,000.

| पहिले वर्ष, आयकरापूर्वी | पूर्ण रोखीने | 60 लाख कर्जाने |
|---|---|---|
| स्वतःचे पैसे | 89 लाख | 29 लाख |
| निव्वळ भाडे | 1,80,000 | 1,80,000 |
| व्याज | 0 | 5,05,000 |
| उरले किंवा तुटले | +1,80,000 | −3,25,000 |
| स्वतःच्या पैशावर | +2 टक्के | −11.2 टक्के |

मुद्दलाचा भाग यात तोटा म्हणून धरलेला नाही, कारण तो आपल्याच मालकीत जमा होतो. तरीही तो पैसा दरमहा द्यावा लागतो. प्रत्यक्षात कर्जदाराला पगारातून महिना सुमारे 37,000 रुपये घालावे लागतील.

कर्जाने गुंतवणुकीची ताकद वाढते असे म्हटले जाते. ते मालमत्तेचा परतावा व्याजदराहून जास्त असेल तेव्हाच खरे असते. येथे प्रत्येक उसना रुपया 2 टक्के कमावतो आणि 8.5 टक्के मागतो, म्हणून कर्ज जितके मोठे तितकी तूट मोठी. ही तूट फक्त किमतीच्या वाढीनेच भरून निघू शकते. केवळ 3,25,000 रुपये भरून यायला 80 लाखांच्या घराची किंमत त्या वर्षी 4 टक्क्यांहून थोडी अधिक वाढायला हवी. स्वतःच्या 29 लाखांवर 7 टक्के सुटावेत अशी अपेक्षा असेल, तर 6.6 टक्के. रोखीने घेणाऱ्याला 89 लाखांवर तेच 7 टक्के हवे असतील, तर किमतीत 5.5 टक्के वाढ पुरते. शिवाय खरेदीवर गेलेले 9 लाख दोघांनाही विक्रीच्या वेळी आधी वसूल करायचे आहेत. म्हणून तीन-चार वर्षांत विकण्याचा बेत असणाऱ्याने ही सदनिका कर्जाने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाडे वाढत जाते आणि हप्ता तोच राहतो, हा युक्तिवाद चुकीचा नाही. प्रश्न किती काळाचा आहे. निव्वळ भाडे दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढले आणि व्याजदर तोच राहिला, तर वर्षाचे निव्वळ भाडे वर्षाच्या व्याजापेक्षा प्रथमच जास्त होते ते तेराव्या वर्षी. बारा वर्षे तूट सोसण्याची तयारी आणि नोकरीची शाश्वती ज्याच्याकडे आहे, त्याचाच हा मार्ग. त्यातही दर स्थिर राहत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला आणि रेपोशी जोडलेली गृहकर्जे त्याच्यामागे महागली. 60 लाखांवर अर्धा टक्का वाढला, तरी वर्षाला सुमारे 30,000 रुपये अधिक जातात, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याहून जास्त.

आयकराने चित्र थोडे बदलते, उलटत नाही. मिळालेल्या 2,64,000 रुपये भाड्यातून मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्क्यांची सरसकट वजावट मिळते. सोसायटीची वर्गणी आणि दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही. 30 टक्क्यांच्या टप्प्यातील रोखीच्या मालकाला उपकरासह सुमारे 54,000 रुपये कर पडतो आणि त्याचा परतावा 1.4 टक्क्यांवर येतो. कर्जदाराला व्याजाची वजावट मिळते, पण नव्या कर प्रणालीत भाड्यापेक्षा जास्त झालेले व्याज पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंत ते होते, त्यामुळे सुमारे 62,000 रुपये वाचतात. तूट तरीही 2,60,000 रुपयांच्या वर राहते. कर वाचतो म्हणून घर घ्या असे कोणी सांगितल्यास आधी आपण कोणत्या प्रणालीत विवरणपत्र भरतो ते पाहावे.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे, आणि ती काढण्याची रीत सोपी आहे: निव्वळ भाड्याला व्याजदराने भागावे. 1,80,000 भागिले 0.085 म्हणजे सुमारे 21 लाख. एवढ्या कर्जाचे व्याज हे घर पहिल्या वर्षापासून स्वतःच फेडू शकते. त्यापुढचा प्रत्येक रुपया किमतीच्या वाढीवर लावलेली पैज आहे. ज्याच्याकडे 68 लाख तयार आहेत आणि 21 लाख कमी पडतात, त्याचे कर्ज समजण्यासारखे आहे. ज्याच्याकडे 29 लाखच आहेत, त्याने लहान किंवा वेगळ्या परिसरातील घर पाहावे, अन्यथा थांबावे. चार-पाच वर्षांत स्वतः तेथे राहायला जाण्याचा पक्का बेत असेल, तर मात्र हिशेब वेगळा होतो, कारण तेव्हा स्वतःचे वाचणारे भाडेही मोजावे लागते.

भाड्याचा आकडा दलालाच्या तोंडून न घेता त्याच सोसायटीतील चालू करारांवरून घ्यावा. सभासदांना विचारले की शेवटचे दोन-तीन भाडेकरू किती देत होते आणि घर किती दिवस रिकामे होते, हे दोन्ही कळते.

ज्यांच्या राहत्या घराचे कर्ज अजून चालू आहे, त्यांच्यासाठी तिसरा पर्याय या दोन्हींच्या शेजारी ठेवायला हवा. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड करताना व्यक्तीला दंड लागत नाही. तेच 29 लाख 8.5 टक्क्यांच्या त्या कर्जात भरले, तर पहिल्या वर्षी सुमारे 2,46,000 रुपये व्याज वाचते. 89 लाखांची ही सदनिका वर्षभर भाड्याने देऊन हाती येणारी रक्कम 1,80,000 आहे.