हिरव्या ठिपक्याचा क्रेट आणि माझे 13,762 रुपये

लिहायची लाज वाटते. सव्वीस वर्षं दुकान चालवतो, गल्ल्यातली फाटकी नोट अंधारात ओळखतो, आणि मला कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांवर फसवलं. तेही दोन वर्षं, दर आठवड्याला, माझ्या डोळ्यांसमोर. बायको म्हणते कुणाला सांगू नका. पण आमच्या एसटी स्टँडच्या परिसरात काचेच्या बाटल्या ठेवणारे अजून दहा-बारा जण आहेत, आणि तीच गाडी त्यांच्याकडेही जाते. म्हणून लिहितोय.

बाटल्यांचा व्यवहार सगळ्यांना माहीत आहे. एका क्रेटमध्ये 24 बाटल्या, बाटलीचं वेगळं डिपॉझिट आणि क्रेटचं वेगळं. रिकामा माल द्यायचा, तेवढाच भरलेला घ्यायचा. फुटलं तर त्याचे पैसे भरायचे, खातं बंद केलं की अनामत परत. मी मार्च 2023 ला 30 क्रेट घेतले. बाटलीला 10 रुपये आणि क्रेटला 110, म्हणजे भरल्या क्रेटमागे 350. एप्रिलच्या उन्हाळ्यात अजून 20 वाढवले. एकूण 17,500 रुपये, रोख, पावतीसह. इथपर्यंत सगळं सरळ.

एप्रिल 2024 ला सेल्समन म्हणाला, "शेठ, डिपॉझिट वाढलंय. बाटली 12, क्रेट 132. जुन्या मालाचा फरक भरावा लागेल." क्रेटमागे 70 रुपये, 50 क्रेटचे 3,500. मी विचारलं, परत देताना? "नव्या दरानेच की!" मी भरले. पावतीवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. तिथे 'डिपॉझिट' नव्हतं, 'दरफरक' होतं. हा एक शब्द मला साडेतीन हजारांना पडला. पावतीवर 'अनामत' किंवा 'डिपॉझिट' हा शब्द नसेल तर पैसे देऊ नका, गाडी उभी राहिली तरी राहू द्या.

आता तूटफूट. बाटलीच्या तोंडाचा टवका उडाला असेल तर ती खरंच चालत नाही. बूच घट्ट बसत नाही, गॅस निघून जातो, पिणाऱ्याच्या ओठाला लागण्याची भीती. म्हणून कारखान्यात रिकाम्या बाटल्या तपासतात आणि अशा बाजूला काढतात. हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच फसलो. सेल्समन क्रेट उतरवायचा, झरझर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "सहा गेल्या, शेठ." मी सहाचे पैसे द्यायचो. दुपारी बाराची वेळ, समोर गिऱ्हाईक, वड्याची कढई तापलेली. कोण बाटलीबाटलीचं तोंड बघत बसणार?

नंतर कळलं की तो काय मोजत होता. जुन्या बाटलीच्या पोटावर पांढरट वळं असतं ना, बाटल्या एकमेकींवर घासून उमटलेलं, तशा बाटल्याही तो 'डॅमेज'मध्ये धरायचा. ते वळं म्हणजे वापराची झीज. ती माझ्या दुकानात झालेली नाही, बाटली वर्षानुवर्षं फिरून झालेली आहे. तिचे पैसे माझ्याकडून कसले घेता? टवका बघायचा तर तोंडाच्या कडेवरून नख फिरवा, अडकलं तर टवका आहे. पोटावरचे ओरखडे बघूच नका.

एप्रिल 2024 पासूनच्या चिठ्ठ्या मी एका डब्यात टाकत गेलो, नशीब. त्याआधीच्या फेकल्या. जेवढ्या आहेत त्यांची बेरीज: 412 बाटल्या, 4,944 रुपये, आणि 'तडा गेलेले' 9 क्रेट, 1,188 रुपये. मिळून 6,132. माझ्या पोराच्या हातून, गिऱ्हाइकाच्या हातून खरी फूट या काळात साठ-सत्तरच्या वर नसेल. आम्ही फुटलेल्या बाटल्यांच्या काचा वेगळ्या पोत्यात भरतो, म्हणून अंदाज आहे.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला शिव्या घालतो तो क्षण. शेजारच्या टपरीचे क्रेट आमच्यात मिसळायचे, म्हणून भाच्याने आमच्या सगळ्या क्रेटच्या कोपऱ्यावर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका दिला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये सेल्समनने एक क्रेट उचलून दाखवला, कोपऱ्याला बोटभर तडा. 132 रुपये. मी दिले. दोन आठवड्यांनी भरलेला माल उतरला, तर वरून तिसऱ्या क्रेटवर हिरवा ठिपका आणि तोच बोटभर तडा! तोच क्रेट, आत चोवीस भरलेल्या बाटल्या.

मी म्हणालो, "अरे, हा तर आपण बाद केलेला." तो हसला. म्हणाला, "काका, सगळे क्रेट सारखेच दिसतात. कुणीतरी रंग लावला असेल." एरवी शेठ म्हणणारा त्या दिवशी काका म्हणाला, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं. आणि मी? मीही हसलो. एक गिऱ्हाईक सुट्टे मागत होतं, मी गल्ल्याकडे वळलो. तिथेच गाडी थांबवायला हवी होती. बाद केलेल्या बाटल्यासुद्धा तो चांगल्या बाटल्यांच्याच क्रेटमध्ये परत खोचून नेत होता, वेगळ्या कधीच ठेवत नव्हता. फुटका माल चांगल्यात कोण मिसळतं? मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. क्रेटचा फोटो काढायला फोन खिशातच होता. नाही काढला.

तुम्ही पैसे भरून बाद केलेली बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा. "नेऊन दाखवावी लागते" म्हणाला तर बाटलीवर मार्करने फुली मारा आणि चिठ्ठीवर त्याची सही घ्या. माझ्यासारखं हसू नका.

दिवाळी 2024 नंतर थंडीत खप उतरला, म्हणून मी 7 क्रेट रिकामे परत केले, 'खात्यातून कमी करा' सांगून. त्याने खिशातल्या छोट्या डायरीत लिहिलं. पावती "ऑफिसातून येईल". आली नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. सात क्रेटसाठी माणसाला किती टोचायचं, असं वाटलं. माझ्या घरी तेव्हा वडिलांचं आजारपण होतं, हेही खरं आहे. पण कारणं सांगून पैसे येत नाहीत.

जून 2025 ला खातं बंद करायचं ठरवलं. गिऱ्हाईक आता प्लॅस्टिकची बाटली घेऊन बसमध्ये चढतं, काचेची दुकानात उभं राहून कोण पितं! माझ्या हिशेबाने 50 क्रेट गुणिले 420, म्हणजे 21,000 यायला हवे होते. त्यातल्या 12 बाटल्या खरंच कमी होत्या, 144 रुपये वजा. एजन्सीने काढलेला हिशेब असा: क्रेट जमा 43 (ते सात हवेत गेले). दर 350, कारण 'दरफरक परत मिळत नाही'. झाले 15,050. त्यातून 96 बाटल्या कमी व डॅमेज, 1,152 वजा. चार क्रेट तडा, 528 वजा. हाती 13,370.

नीट बघा. परत देताना जुना दर, कापताना नवा दर! एकाच कागदावर. मालकासमोर बोट ठेवून दाखवलं तर म्हणाला, "सिस्टीममध्ये तसंच आहे." सिस्टीम म्हणजे त्याच्या भाचीने भरलेली एक्सेलची शीट.

आणि मी त्या कागदावर सही केली. 'हिशेब पूर्ण व अंतिम चुकता' असं खाली छापलेलं होतं. सही केल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत म्हणाला, आणि मला त्या आठवड्यात दवाखान्यात पैसे भरायचे होते. निदान 'हरकत कायम ठेवून' एवढे तीन शब्द तरी लिहायला हवे होते. सुचलं नाही. 7,630 इथे गेले, 6,132 आधीच गेलेले. एकूण 13,762. त्यातले हजारभर माझ्या खऱ्या फुटीचे धरा, बाकीचे लुटलेले.

आता साहेबांकडे फिरण्याची कथा. कंपनीच्या फोनवर दुकानाचा कोड मागितला, तक्रार क्रमांक दिला, पाचव्या दिवशी संदेश आला: तक्रार निकाली. कुणी निकाली काढली? विचारलं तर "वितरकाशी संपर्क साधा". अहो, तक्रारच वितरकाची आहे! 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बाईंनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की तुम्ही माल पुन्हा विकायला घेता, म्हणून कायद्याने तुम्ही ग्राहक ठरत नाही. म्हणजे पिणारा ग्राहक, कंपनी व्यापारी आणि मी मधला कोण? पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, बाटल्यांसाठी गुन्हा नोंदवू का, ही दिवाणी बाब आहे. अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी गेलो तर अर्ज सापडेना. तिसऱ्या दिवशी नवा अर्ज, त्यावर शिक्का मिळवायला दोन तास बाकावर. तो शिक्का आजपर्यंत माझ्याकडे आहे, बाकी काही नाही. जीएसटी कार्यालयात गेलो, कारण बाद मालाच्या 412 बाटल्यांचं एकही बिल नव्हतं, नुसत्या कोऱ्या चिठ्ठ्या. तिथले साहेब म्हणाले, अनामतीवर कर लागत नाही. बरोबर आहे. पण परत करायची अनामत पुरवठादाराने मोबदल्यात वळती करून घेतली की ती अनामत राहत नाही, हे माझ्या करसल्लागाराने मला दहा मिनिटांत समजावलं. साहेबांना ते ऐकायचंच नव्हतं. घड्याळाकडे बघत होते.

वकिलांनी 2,500 घेऊन नोटीस पाठवली. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते म्हणाले, पण आधी त्यांनी तो सही केलेला कागद मागितला, वाचला आणि चष्मा काढला. तेव्हाच मला उत्तर कळलं.

ज्यांची खाती चालू आहेत त्यांनी एक करा. वहीत रुपयांबरोबर नगही लिहा. सुरुवातीचे क्रेट, नवे घेतलेले, परत दिलेले, बाद केलेले, आणि उरतील तेवढे दुकानात हाताने मोजा. मी दोन वर्षं फक्त रुपये लिहिले, म्हणून सात क्रेट कुठे गेले ते कळलंच नाही. दर महिन्याला एजन्सीकडून खात्याचा उतारा मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. नाही दिला तर त्या महिन्यात माल घेऊ नका.

हे मी शेजारच्या टपरीवाल्याला सांगितलं तेव्हा तो हसला होता, तुमचं नशीबच तसं म्हणाला. परवा रात्री शटर ओढल्यावर तो माझ्याकडे आला. एजन्सीच्या उताऱ्यात त्याच्या नावावर 22 क्रेट आहेत. टपरीत, टपरीमागे आणि घरी मिळून त्याने तीनदा मोजले. 18 भरतात.